माझ्या खात्यावरची मुलगी

निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली होती. रोह्याजवळ वरसे गावात राहते. रविवारी सकाळी बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर समोर एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, हातात मोबाईल. मी ओळखलं नाही. तिने शाळेचं आणि गावाचं नाव सांगितलं, तेव्हा आठवलं. दुसरी ते चौथी ती माझ्या वर्गात होती.

मला आनंद झाला. जुनं मूल भेटायला आलं की शिक्षकाला होतो तसा. मी तिला बसवलं, पाणी दिलं, चहा ठेवायला उठले. ती म्हणाली, "चहा नको बाई. काम हाय. तुमचं खातं अजून चालू हाय ना?"

मी शाळेत असताना रोज काही ना काही पोस्ट करायची. मुलांच्या सहली, परसबाग, पाढ्यांच्या स्पर्धा. खातं कायम सगळ्यांसाठी उघडं. लपवण्यासारखं काय होतं त्यात? तालुक्यातले शिक्षक वाचायचे, अधिकारी वाचायचे, दोनदा तर जिल्ह्याच्या बैठकीत माझ्या पोस्टी दाखवल्या गेल्या. ते सगळं खातं अजून तसंच होतं.

"आहे की," मी म्हणाले. "का?"

तिने सांगितलं ते असं. ज्या कंपनीचं हे सगळं चालतं तिने सगळ्यांना सूचना पाठवली होती. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून लोकांनी जाहीर ठेवलेल्या पोस्टी आणि फोटो, जुन्यासुद्धा, कंपनी आपली कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवण्यासाठी वापरणार. ज्याला नको असेल त्याने सेटिंगमध्ये जाऊन एक बटण बंद करायचं. सूचना मलाही आली होती. मी 'समजले' वर बोट ठेवून पुढे गेले होते.

"मी माझं बटण बंद केलं," ती म्हणाली. "पण खाली बारीक लिहिलंय. दुसऱ्या कुणाच्या पोस्टीत तुमचा फोटो असेल, तर तुमच्या बटणाचा त्याला काय उपयोग नाय. ज्याचं खातं, त्यानेच बंद करायला पायजे. म्हणून मी माझं नाव टाकून शोधलं."

तिने मोबाईल माझ्यासमोर धरला.

फोटो मी काढलेला होता. वर्गाच्या उंबऱ्यावर आठ वर्षांची मुलगी बसलेली, मांडीवर धाकटा भाऊ झोपलेला, आणि त्याच्या डोक्यावरून हात पुढे काढून पाटीवर गणित सोडवणं चाललेलं. वर माझा मजकूर. तिचं पूर्ण नाव, गावाचं नाव. बाप दारूपायी गेला, आई शेतमजुरीला जाते, आणि ही चिमुरडी भावाला सांभाळत वर्गात पहिली येते. माझ्या सगळ्या पोस्टींमध्ये सगळ्यात जास्त वाचली गेलेली हीच. शेकडो लोकांनी पुढे पाठवली होती.

"हे काढा बाई," ती म्हणाली.

मला झोंबलं. तसं नसतं झोंबलं तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "अगं, ह्या पोस्टीमुळे तर तुला मदत आली. ठाण्याच्या त्या बाईंनी दप्तर पाठवलं, गणवेश पाठवला. विसरलीस?"

"नाय विसरले."

"आणि कंपनीला तुझ्या-माझ्या शाळेच्या फोटोचं काय करायचंय? लाखो फोटो असतील त्यांच्याकडे."

"असतील. हा नको."

ती आवाज चढवत नव्हती. शाळेतही चढवायची नाही. मी म्हणाले, "बघते मी." तिने कॅलेंडरकडे पाहिलं, "चार दिवस राहिलेत बाई," एवढंच म्हणाली आणि गेली. नदीपलीकडच्या अष्टमी गावात, पुलाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात ती कॉलेज सांभाळून काम करते, हे तिने चपला घालताना सांगितलं.

दुपारी मी माझं खातं उघडून बसले. तिला चुकीचं ठरवायलाच बसले होते, खोटं कशाला सांगू. त्या पोस्टीखालचे शेरे मी त्या काळी आनंदाने वाचले होते. आता पुन्हा वाचले. 'असल्या बापाला मूल होऊच नये.' 'आईने दुसरं लग्न करायला हवं.' 'ही मुलगी मोठी होऊन काय करणार, शेवटी तेच.' आणि प्रत्येकाखाली मी हात जोडल्याची चिन्हं टाकलेली. मी.

मग मागे जात राहिले. पायाने अधू असलेला एक मुलगा, त्याचं नाव. आईबाप स्थलांतराला गेल्यामुळे आजोबांकडे राहणारी दोन भावंडं, त्यांची नावं, गाव. एक मुलगी अंथरूण ओलं करते म्हणून तिला वर्गात कसं सांभाळून घेतलं, हेसुद्धा मी लिहिलं होतं. नाव नव्हतं, पण फोटो होता. कुणालाच विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे तेव्हा सुचलंही नाही. पालक मोबाईल बघत नव्हते, आणि मुलांना फोटो आवडायचे.

सोमवारी सकाळी मी पूल ओलांडून अष्टमीला गेले. दुकानात गर्दी होती, दाखल्यांच्या प्रती काढायला माणसं उभी होती. ती मशीनवरून मान न काढता म्हणाली, "बसा बाई, पाच मिनिटं." मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. दुकानाचे मालक अष्टमीतले वयस्क गृहस्थ, त्यांचा थोरला मुलगा दुबईला असतो. त्यांनी विचारपूस केली, तर मी कशासाठी आले ते मला धड सांगता येईना. "मुलीने बोलावलंय," म्हणाले.

गर्दी ओसरल्यावर ती माझ्या शेजारी बसली.

"आधी सगळ्याची प्रत उतरवून घ्या. खात्याची सगळी माहिती मागवता येते. नायतर नंतर हळहळाल."

मागणी नोंदवली. फाईल तयार व्हायला वेळ लागतो, मग कळवतात. मग तिने मला ते बटण दाखवलं. सेटिंग, त्यात गोपनीयता, त्यात आणखी आत. मी बंद केलं. निळं होतं ते राखाडी झालं. मला वाटलं, झालं.

"झालं नाय," ती म्हणाली. "इथे वाचा."

लिहिलं होतं की बटण बंद केल्यापासून पुढे तुमचा मजकूर शिकवण्यासाठी वापरला जाणार नाही. आधी जे वापरलं गेलं असेल ते परत काढता येणार नाही.

"म्हणजे आधीच घेतलं असेल तर?"

"तर गेलं. म्हणून तर तारखेच्या आत. आणि हे बटण त्यांच्यापुरतंच. पोस्ट उघडी हाय तोवर बाहेरचा कुणीपण ती गोळा करू शकतो."

मग तिने दुसरी सोय दाखवली. जुन्या सगळ्या जाहीर पोस्टी एका दमात फक्त मित्रांपुरत्या करता येतात. कंपनीने दोनदा विचारलं, नक्की का. मी दोनदा हो म्हटलं. मुलीची पोस्ट मी वेगळी उघडली आणि काढूनच टाकली. ती तिथून कचऱ्याच्या कप्प्यात गेली. तिथे महिनाभर राहते म्हणून तिथूनही काढली. ती बघत होती.

खात्याचं मुखचित्र मात्र उघडंच राहिलं होतं, ते त्या सोयीत येत नाही. त्यावर चौथीचा अख्खा वर्ग होता. ते बदलून मी कुंडलिका नदीचा फोटो लावला.

"आता बघू," म्हणून तिने दुकानाच्या संगणकावर, कुणाचंच खातं न उघडता, स्वतःचं नाव आणि गाव शोधलं.

तोच फोटो आला. तोच मजकूर, शब्दाला शब्द.

क्षणभर मला वाटलं की मीच काहीतरी चुकवलं. पण वर खातं माझं नव्हतं, शाळेचं होतं. माझ्या पोस्टीची ती नुसती पुढे पाठवलेली प्रत असती तर माझी काढल्यावर तीही गेली असती. आमच्या तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी फोटो स्वतःकडे उतरवून घेऊन शाळेच्या पानावर नव्याने टाकला होता. आणि ते पान फक्त त्यांच्या हातात. संस्थांची पानं मित्रांपुरती ठेवता येत नाहीत, ती उघडीच असतात. सर चार वर्षांपूर्वी निवृत्त होऊन पेणला राहायला गेलेले.

तिने संगणक बंद केला. "फोन करा," म्हणाली.

मी केला. सर मला मानतात. मी विषय सांगितल्यावर ते म्हणाले, "फोनवर नको. या तुम्ही."

मंगळवारी आम्ही दोघींनी रोह्याहून पेणची एस.टी. पकडली. ती खिडकीशी बसली होती. मी दोनदा काहीतरी विचारलं, कॉलेजचं, परीक्षेचं. तिने उत्तर दिलं आणि पुन्हा बाहेर बघू लागली. मला सारखं वाटत होतं की ती आणखी काहीतरी सांगणार आहे, आणि ते मला ऐकायचं नव्हतं. वडखळला गाडी बराच वेळ अडकली. ती मोबाईलवर घड्याळ बघत राहिली. धाटावला एका कंपनीत तिची मुलाखत ठरली होती, पुढच्या आठवड्यात. हे तिने तिथे, त्या थांबलेल्या गाडीत सांगितलं.

"मुलाखत घेणारे नाव टाकून बघतात बाई. मशीनला पण विचारतात म्हणे."

"मशीन तुझ्याबद्दल सांगेल असं थोडंच आहे?"

"माहीत नाय. कुणालाच माहीत नाय, तेच तर."

सरांचं घर स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर. शेजारच्या पडवीत रंग द्यायच्या गणपतीच्या मूर्ती ओळीने मांडलेल्या होत्या. वहिनींनी सरबत दिलं. सर लॅपटॉप घेऊन पुढ्यात बसले. त्यांनी आमच्या देखतच शाळेच्या पानाचं बटण बंद केलं.

"झालं तुमचं काम," ते म्हणाले.

"सर, पोस्ट पण काढायला पायजे," ती म्हणाली.

"पोस्ट कशाला? बटण बंद केलं ना. आता नाही वापरणार."

"ती उघडी राहते सर. माझं नाव टाकलं की येते."

सरांनी चष्मा काढला. त्यांचा राग मला ओळखता येतो. ते रागावले नव्हते, दुखावले होते. "बाळ, ह्या पानावर अकरा वर्षं आहेत माझी. ही शाळा बंद पडणार होती, पट आठ राहिला होता. ह्या पानामुळे लोकांना कळलं की इथे शिकवतात. पट वाढला. आज एकीने सांगितलं काढा, उद्या दुसरा सांगेल. मग काय उरेल?" थांबून ते म्हणाले, "आणि मी दुसरंही सांगतो. ह्या मशीनला सगळं जग शिकवतंय. शहरातली मुलं शिकवतायत, परदेशातली. आपल्या शाळा, आपली मुलं त्यात नकोतच का? त्यांना कळू दे की अशीही मुलं असतात."

मला ते पटत होतं. मी मान हलवलीसुद्धा, आणि तिने ते पाहिलं.

ती माझ्याकडे वळली. सरांशी नाही, माझ्याशी बोलली.

"बाई, माझे बाबा दारूने नाय गेले."

मी हातातला पेला खाली ठेवला.

"त्यांना कावीळ झाली होती. अलिबागला नेलं होतं, सिव्हिलला. तिथेच गेले. ते प्यायचे नाय. कधीच नाय. कावीळ म्हटल्यावर गावात कुणीतरी म्हणालं असेल, पीत असेल. तुम्ही ते लिहिलं." तिचा आवाज अजूनही तसाच होता. "माझ्या भावाला बाबा आठवत नाय. तो आता आठवीला हाय. त्याने ते वाचलं गेल्या वर्षी. आईला विचारलं नाय, मला विचारलं. खरं काय म्हणून."

वहिनी दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या.

मला कुणी सांगितलं होतं, हे मी आठवायचा प्रयत्न केला. अंगणवाडी सेविका? सरपंचांचा भाऊ? कुणीतरी वर्गाच्या दारात उभं राहून म्हणालं होतं, एवढंच आठवत होतं. मी खात्री केली नव्हती. वाक्य छान जमत होतं म्हणून लिहिलं होतं. आता अकरा वर्षांनी ते कुठल्या कुठे मशीनच्या पोटात जाणार होतं, आणि तिथून ते परत ओढून काढायची सोय कुणाकडेच नव्हती.

सरांनी चष्मा पुन्हा लावला. ती पोस्ट शोधली. वेळ लागला, अकरा वर्षांचं पान. सापडली. काढली. कचऱ्यातून काढली. तिने आपल्या मोबाईलवर, खात्यातून बाहेर पडून, नाव शोधलं. काही आलं नाही.

"बाकीच्यांचं काय?" मी विचारलं. "सर, मी परवा बघितलंय माझ्याकडे काय काय होतं ते. तुमच्याकडेही तेच आहे, निम्मं माझ्याच लेखणीचं."

"मला विचार करू दे," सर म्हणाले. "दोन दिवस."

"परवा शेवटचा दिवस आहे सर."

"बटण बंद आहे ना. दोन दिवस द्या."

परत येताना मी गाडीत तिची माफी मागितली. कसं मागायचं ते कळत नव्हतं, म्हणून सरळ म्हणाले की मी चुकले, मी न विचारता लिहिलं. ती म्हणाली, "बस, गाडीत नको बाई." मग बऱ्याच वेळाने, नागोठणं गेल्यावर म्हणाली, "मला नका सांगू. आईला सांगा."

बुधवारी मी कंपनीच्या मदत केंद्रावरचा अर्ज भरला. त्यात इतरांच्या मजकुरातून आपली माहिती गेली असेल तर हरकत घेता येते. अर्ज तिच्या नावाने, तिच्या खात्यावरून, पण मजकूर आम्ही दोघींनी मिळून लिहिला. दोन्ही पोस्टींचे पत्ते दिले, मजकूर खोटा होता हे लिहिलं, लिहिणारी मीच होते हेही लिहिलं. उत्तर दोन दिवसांनी आलं, ठरीव साच्यातलं. विनंती नोंदवली आहे, पण सदर माहिती यापूर्वी वापरली गेली की नाही याची पुष्टी आम्ही करू शकत नाही.

गुरुवारी, तारखेच्या आदल्या दिवशी, सकाळपासून मी सरांना फोन लावत होते. उचलेनात. दहाला, बाराला, दोनला. शेवटी मी वहिनींच्या नंबरवर लावला. त्या म्हणाल्या, "अहो, ते कालपासून त्या लॅपटॉपपाशीच बसलेत. जेवायला उठत नाहीत."

मग सर आले फोनवर. आवाज थकलेला. "एकदम काढता येतं सगळं," ते म्हणाले, "पानच बंद करता येतं. पण मला एकेक बघून काढायचं होतं. तुम्ही म्हणालात म्हणून नाही. मी वाचायला लागलो आणि थांबता येईना. त्या अधू मुलाचं मी काय लिहिलंय माहिताय?"

"माहिताय सर. मीही लिहिलंय."

"ज्या पोस्टींत मुलांचे चेहरे नाहीत त्या ठेवतोय. इमारत, परसबाग, पाण्याची टाकी. बाकी प्रत उतरवून घेतलीय पेनड्राइव्हवर. संध्याकाळपर्यंत होईल."

संध्याकाळी सहाला त्यांचा निरोप आला. एकच शब्द, 'संपलं'. मी शाळेचं पान उघडलं. परसबागेतली पडवळं, रंगवलेल्या भिंती, झेंड्याचा खांब. अकरा वर्षांत त्या शाळेत एकही मूल नव्हतं असं वाटत होतं. मला रडू आलं. मी ते पुसलं, कारण रडण्याचा हक्क माझा नव्हता.

रविवारी मी तिच्या गावी गेले. आई अंगणात वाल निवडत होती. मुलगी दाराला टेकून उभी राहिली. तिने आईला काहीच सांगितलेलं नव्हतं.

मी ओटीवर बसले आणि सगळं सांगितलं. फोटो, मजकूर, दारूचं वाक्य. किती लोकांनी वाचलं. आता काढलंय, पण कंपनीने आधी घेतलं असेल तर परत येणार नाही. मशीन म्हणजे काय हे मला नीट सांगता येईना. तिने मध्ये विचारलं नाही. सूप हलवत राहिली, खडे बाजूला काढत राहिली.

माझं बोलून झालं. तिने सूप खाली ठेवलं.

"मोबाईल मला वाचता येत नाय बाई," ती म्हणाली. "पण लोकं बोलायची. आठवडी बाजारात एक बाई मला म्हणाली, तुझा नवरा पीत होता ना. मी म्हटलं, तुला गो कोणी सांगितलं? ती म्हणाली, वाचलं. मी समजले कुणीतरी लिवलंय. कोणी, ते म्हायत नव्हतं."

"मी लिहिलं."

"व्हय. आता कळलं." ती मुलीकडे बघून म्हणाली, "तू उभी काय गो? बाईंना पाणी दे." मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "तुमी तवा इचारलं असतंत, तर मी सांगितलं असतं. रोज शाळेच्या दारावरूनच जायची मी कामाला."

मुलीने पाण्याचा तांब्या आणला. मी प्याले. आईने सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि तिच्या नवऱ्याला आजार कसा झाला, अलिबागला कुणी नेलं, वाटेत गाडी कुठे बंद पडली, तो शेवटी काय बोलला हे सांगायला लागली. मी ऐकत बसले. पर्समध्ये मोबाईल वाजला, तो मी न बघताच बंद केला.